ऑप्शन विकायला ४५ दिवसच का?

सिंहगडरोड: ‘४५ दिवस उरले असताना विका, २१ दिवसांवर बाहेर पडा’ हा अमेरिकेतल्या टेस्टीट्रेडवाल्यांनी रूढ केलेला नियम आपल्याकडेही सारखा ऐकू येतो. पण थीटा तर शेवटच्या आठवड्यात सर्वात जास्त असतो. मग निफ्टीत इतक्या लांबचं कशाला विकायचं?

शनिवारपेठ: गॅमामुळे. शेवटच्या आठवड्यात बाजार थोडा हलला तरी डेल्टा झपाट्याने बदलतो. ४५ दिवसांवर प्रत्येक रुपया थीटामागे गॅमा कमी घ्यावा लागतो, म्हणून तिथे सौदा स्वस्तात पडतो.

रात्रपाळी: पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं नाही. निफ्टी २५,००० आणि आयव्ही १३ धरा. ४५ दिवसांचा ॲट द मनी स्ट्रॅडल साधारण ९१० पॉइंटांचा, रोजचा थीटा १०. निफ्टी एका दिवसात २५० पॉइंट हलला तर गॅमाचा फटका सुमारे २२. पाच दिवसांच्या स्ट्रॅडलचा प्रीमियम ३०० च्या आसपास, थीटा ३०, आणि तेवढ्याच हालचालीचा फटका सुमारे ६५. म्हणजे दोन्हीकडे जवळपास दोन दिवसांची कमाई गेली. आयव्ही सारखी असेल तर ॲट द मनीला थीटा आणि गॅमाचं प्रमाण बदलत नाही, एक्सपायरी कितीही लांब असो.

फरक पडतो तो मिळालेल्या प्रीमियमच्या हिशोबात. लांबच्या सौद्यात तो फटका प्रीमियमच्या अडीच टक्क्यांइतका, जवळच्यात वीस टक्क्यांहून जास्त. पहिल्यात विचार करून पोझिशन सुधारायला वेळ असतो, दुसऱ्यात एकच दिवस आठवड्याची कमाई नेऊ शकतो.

शनिवारपेठ: मान्य. पण मग २१ दिवसांवर बाहेर का पडायचं? थीटा तर तिथून पुढे वाढतो.

रात्रपाळी: ॲट द मनीचा वाढतो. हा नियम पाळणारे बहुतेक जण लांबचे स्ट्राइक विकतात, आणि त्यांचं गणित उलटं आहे. वरच्याच आकड्यांत २६,२५० चा कॉल घ्या. ४५ दिवसांवर तो सुमारे ८५ ला. निफ्टी जागचा हलला नाही आणि आयव्हीही तीच राहिली तर २१ दिवसांवर तो २० च्या आसपास येतो. तीन चतुर्थांश प्रीमियम तिथवरच झडला. त्याचा थीटा सुरुवातीला रोजचा जवळपास ३ होता, २१ दिवसांवर सव्वादोन, १० दिवसांवर एकाहून कमी. उरलेल्या २० पॉइंटांसाठी आणखी तीन आठवडे थांबायचं, आणि मधे निफ्टी वर उसळला तर तोच कॉल वाढत्या गॅमासकट ॲट द मनी होऊन समोर उभा. म्हणून बाहेर पडायचं. २१ या आकड्यात मात्र जादू नाही, १८ किंवा २४ लाही तेच.

बँकेतलाभाऊ: मी शेअरवर कव्हर्ड कॉल विकतो. ४५ दिवस म्हणजे पुढच्या महिन्याचा काँट्रॅक्ट, आणि त्यात खरेदी-विक्रीच्या भावात इतकं अंतर असतं की आत शिरतानाच बरेच दिवसांचा थीटा जातो. मी चालू महिन्याचंच विकतो. माझं चुकतंय का?

रात्रपाळी: नाही. तुमच्याकडे शेअर आहेत, त्यामुळे डिलिव्हरी द्यावी लागली तरी तुमची अडचण वेगळी आणि हलकी. हा धागा नुसता ऑप्शन विकणाऱ्यांचा आहे. पण भावातल्या अंतराचा मुद्दा निफ्टीलाही लागू होतो: लांबच्या महिन्यात ५०० च्या पटीतल्या गोल स्ट्राइकांपलीकडे सौदे पातळ असतात. अमेरिकेत एसपीवायवर ही अडचण नाही, म्हणून तिथला नियम इथे जसाच्या तसा बसत नाही.

गुरुवारचा_गडी: सगळे गॅमाचंच बोलताय. लांबच्या ऑप्शनचा खरा शत्रू वेगा. वरच्या ९१० च्या स्ट्रॅडलला आयव्ही एका अंकाने चढली की ७० पॉइंटांचा तोटा, म्हणजे आठवड्याचा थीटा. पाच दिवसांच्याला फक्त २३. एप्रिल २०२४ च्या अखेरीस इंडिया व्हीआयएक्स १० ते १३ च्या पट्ट्यात होता, मेमध्ये निवडणुकीच्या तोंडावर वीसच्या पुढे गेला. तेव्हा जूनचं विकून बसलेल्यांचा तोटा निफ्टीने मोठी झेप न घेताही वाढत होता. मी आठवड्याचंच विकतो.

रात्रपाळी: वेगाचा मुद्दा पूर्ण मान्य, म्हणून व्हीआयएक्स तळाला असताना मी लांबचं विकत नाही. पण ४ जून २०२४ ला निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला. त्या आठवड्याचे पुट विकलेल्यांचं काय झालं?

गुरुवारचा_गडी: मी स्प्रेड विकतो, तोटा आधीच बांधलेला असतो.

शनिवारपेठ: स्प्रेड ४५ दिवसांवरही लावता येतो. मग वाद एवढाच उरतो की मार्जिन महिनाभर अडकवायचं की आठवड्याला मोकळं करायचं, आणि दर आठवड्याला नव्याने ब्रोकरेज, एसटीटी भरून ते परवडतं का. तुमचे खर्च वजा जाता आकडे असतील तर टाका, भाऊ.