कार्ड ब्लॉक केलं की कापाकापी थांबते म्हणे!

नागपुरी_संत्रं: सबस्क्रिप्शन बंद करायला कस्टमर केअरशी डोकं कशाला लावता? कार्ड हरवलं म्हणून सांगा, नवं मागवा. जुना नंबर मेला की सगळे हप्ते मेले. मी दरवर्षी हेच करतो.

मृणाल_डोंबिवली: असलाच सल्ला ऐकून मी हात पोळून घेतलेत, म्हणून लांबलचक लिहितेय. जानेवारीत कार्ड ब्लॉक केलं, नवं आलं. माझे तीन हप्ते होते: जिम, एक सिनेमांचं ॲप आणि लेकाच्या गोष्टींचं ॲप. सिनेमांचं थांबलं. जिमचंही थांबलं, पण मार्चमध्ये जिमवाल्याचा फोन, 'मॅडम, दोन महिन्यांचे पैसे बाकी आहेत.' सही वर्षभराच्या फॉर्मवर होती, कार्ड मेलं म्हणून करार मरत नाही. आणि गोष्टींच्या ॲपचे ३९९ रुपये निर्लज्जपणे कापले गेले! बँकेशी भांडले, मग स्टेटमेंट नीट पाहिलं. ती ओळ `UPI` ने सुरू होत होती. एक रुपयाच्या ट्रायलला पिन टाकला तेव्हाच ऑटोपे लागला होता. तो थेट खात्यावर, कार्डाचा संबंधच नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द केला, पिन टाकून, अर्ध्या मिनिटात.

नागपुरी_संत्रं: म्हणजे कार्डाचे दोन्ही थांबले ना? मग माझंच बरोबर निघालं. यूपीआयचं मी कुठे बोललो?

निवृत्त_बँकवाला: अर्धं बरोबर. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तुमचा कार्ड नंबर साठवताच येत नाही. त्याच्याकडे असतो टोकन, म्हणजे त्या एका दुकानापुरता बनवलेला आकडा. आणि दरमहा कापायची परवानगी, म्हणजे ई-मँडेट, ही वेगळी चीज, तिची नोंद बँकेकडे. लोक ॲपमधून 'सेव्ह केलेलं कार्ड' काढतात आणि सबस्क्रिप्शन सुटलं समजतात. ते टोकन गेलं, ॲपच्या हिशेबात तुम्ही ग्राहकच.

कार्ड बदललं तर नवं कार्ड जुन्या दुकानांशी जोडायचं का, हे बँकेने तुम्हाला विचारायला हवं. तिथे घाईत 'होय' दाबलंत तर तक्रार कुणाकडे करणार? मुदत संपून आलेल्या कार्डावर तर नंबर पुष्कळदा तोच असतो, मग हप्ता तसाच पुढे चालू राहिलेला मी काउंटरवर पाहिलाय. परवानगीचं काय होतं ते बँकेगणिक वेगळं. म्हणून अंदाज नको, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाखाली ई-मँडेटची यादी उघडा. काही बँका त्यासाठी `sihub.in` वर पाठवतात. तिथे रद्द करताना ओटीपी येतो. नेहमीच्या हप्त्याला १५,००० पर्यंत ओटीपी नाही, पण कापण्याआधी किमान २४ तास मेसेज येतो, त्यातूनही थांबवता येतं. आधी कंपनीकडे रद्द करा, मग मँडेट. उलटं केलंत तर मृणालताईंची जिम होते.

सातारकर_काका: बंद होत नाही म्हणून रडताय, माझं चालू राहिलं नाही त्याचं काय? कार्ड बदललं, विम्याचा हप्ता गेला नाही, पॉलिसी लॅप्स! मेसेज म्हणे जुन्या मोबाइल नंबरवर गेला.

मृणाल_डोंबिवली: काका, नंबर बदलल्याचं बँकेला कळवायचं कुणी?

सातारकर_काका: बावीस वर्षांचं खातं आहे माझं! पूर्वी मॅनेजर फोन करून विचारायचा. आता चूक ग्राहकाची. पुन्हा वैद्यकीय तपासणी करायला लावली, तुम्ही भरणार का तिचे पैसे?

निवृत्त_बँकवाला: काका, राग समजतो. पण विमा कार्डावर ठेवूच नका, खात्यावरून लावा. कार्ड दर काही वर्षांनी बदलतं, खातं नाही.

सातारकर_काका: हे आधी सांगणारा एक माई का लाल भेटला नाही.

सॅनहोजेकर: इथे अमेरिकेत उलटा त्रास. कार्ड बदललं, कुणालाच कळवलं नाही, तरी कापलं! व्हिसा आणि मास्टरकार्डच नवा नंबर दुकानदाराला पुरवतात. बँकेला फोन करून ती सोय माझ्या कार्डापुरती बंद करून घेतली. म्हणून संत्रेसाहेब, हा सल्ला इकडच्या भाच्यांना देऊ नका.

नागपुरी_संत्रं: बरं बुवा, जिंकलात. यादी उघडली. दोन मँडेट जिवंत निघाले, त्यातला एक कशाचा तेच आठवत नाही, नाव भलत्याच कंपनीचं. दरमहा १४९. रद्द करू, की आधी कोण आहे ते शोधू?

मृणाल_डोंबिवली: दरवर्षी कार्ड बदलता ना?? 😄

निवृत्त_बँकवाला: ते पैसे वसूल करणाऱ्या मध्यस्थाचं नाव असू शकतं. मागच्या हप्त्याचा मेसेज शोधा, खरा दुकानदार तिथे सापडेल.