स्केलची सुरुवात पांढरी एकपासून की पांढरी सातपासून?

विजापूररोड
पेटी थोडीफार येते, आता ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊन पियानोच्या पद्धतीनं शिकतोय. पांढरी एकची मेजर स्केल उजव्या हातानं बसली, १-२-३-१-२-३-४-५. तीच बोटं पांढरी चारला लावली तर अंगठा काळी पाचवर जातो आणि हात अडकतो. सर म्हणतात तिथं चौथं बोट घे, पण का ते सांगत नाहीत. शिवाय अंगठा आत घेताना कोपर बाहेर जातं आणि तो सूर धपकन वाजतो. सगळीकडे एकच क्रम चालवला तर काय बिघडतं?

पेटीमास्तर
काही बिघडत नाही. मी कितीतरी वर्षं भजनाला साथ करतोय. गायक काळी एक म्हणतो, काळी चार म्हणतो, जी पट्टी मागेल ती द्यावी लागते. अंगठा काळीवर पडतो, पडू दे. सूर बरोबर लागला की झालं. बोटांचे नियम हे क्लासवाल्यांनी परीक्षेसाठी काढलेले आहेत. पूर्वीचे युरोपातले वादक तर अंगठा फारसा वापरतच नव्हते, मग त्यांचं काय अडलं?

काळीपाच
मास्तर, पेटीपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पेटीत सुराचा जोर भात्यातून येतो. पट्टी अंगठ्यानं दाबा की करंगळीनं, आवाज तेवढाच. पियानोत पट्टी किती वेगानं खाली जाते त्यावर आवाज ठरतो, आणि टच असलेल्या कीबोर्डवरही तसंच आहे. म्हणून अंगठ्याचं वजन पडलं की ते सरळ कानावर येतं. विजापूररोड यांचा धपकन वाजणारा सूर पेटीवर ऐकूच आला नसता.

जुन्या वादकांचंही खरं आहे. तिसरं-चौथं, तिसरं-चौथं असं बोटावरून बोट टाकत ते स्केल वाजवायचे. पण तेव्हा बहुतेक संगीत एक-दोन काळ्या पट्ट्यांत भागायचं. चार-पाच काळ्या असलेल्या स्केल वापरात यायला लागल्या तसा अंगठा कामाला लागला. सी. पी. ई. बाख यांनी १७५३ च्या आपल्या ग्रंथात अंगठ्याला मुख्य बोटाचा मान दिला तो त्यामुळेच.

आता मूळ प्रश्न. स्केलमध्ये सूर सात, बोटं पाच. म्हणून हात दोन तुकड्यांत चालतो, एक तीन सुरांचा आणि एक चार सुरांचा. प्रत्येक तुकड्याची सुरुवात अंगठ्यानं. चौथं बोट सप्तकात एकदाच येतं. हे कुठल्याही मेजर स्केलला लागू आहे. बदलते ती फक्त तुकडा पाडायची जागा, आणि ती जागा काळ्या पट्ट्या ठरवतात. काळ्या पट्ट्या उंच आहेत, मागे आहेत, तिथं लांब बोटं आपोआप पोचतात. अंगठा आखूड आणि खाली, त्याला पांढरी हवी.

पांढरी चारला १-२-३ नंतर काळी पाच येते. तिथं अंगठा टाकायचा तर अख्खा हात पट्ट्यांच्या आत ढकलावा लागतो आणि पुढच्याच सुराला बाहेर ओढावा लागतो. त्यापेक्षा काळी पाचवर चौथं टाकायचं आणि अंगठा लगेच पुढच्या पांढरी एकवर. म्हणजे पांढरी चार, पाच, सहा आणि काळी पाच हा चारचा तुकडा, मग वरची पांढरी एक, दोन, तीन हा तीनचा. वरची पांढरी चार चौथ्या बोटानं संपवा. पुढचं सप्तक वाजवायचं असेल तर तिथं पुन्हा अंगठा. पांढरी एकला तीन आधी आणि चार नंतर होते, इथं उलट झालं, एवढाच फरक.

सरांचं 'चौथं घे' त्याच्याही पुढे जातं. ज्या ज्या मेजर स्केलमध्ये काळी पाच येते, त्या सगळ्यांत उजव्या हाताचं चौथं बोट काळी पाचवरच पडतं. सुरुवात काळी दोनपासून असो की काळी चारपासून. मायनरला मात्र हे लावू नका. पांढरी दोनच्या हार्मोनिक मायनरमध्ये काळी पाचवर तिसरं येतं आणि चौथं काळी एकवर जातं.

चिऊचीआई
आमची मुलगी सात वर्षांची आहे, होटगी रोडला क्लासला जाते. तिचं चौथं बोट उचलतच नाही, म्हणून ती तिसऱ्यानंच दोन पट्ट्या वाजवते. बाई रागावतात. तुम्ही म्हणता चौथं फक्त एकदाच येतं, मग ते टाळून तीन-तीनच्या तुकड्यांत वाजवलं तर चालेल ना? तिचा कीबोर्ड छोट्या पट्ट्यांचा आहे, त्यानं फरक पडतो का?

काळीपाच
ताई, तीन-तीन केलं तर सहाच सूर झाले. सातव्याला पुन्हा अंगठा, आणि आठव्याला परत अंगठा येतो. अंगठ्यापाठोपाठ अंगठा म्हणजे तिथं सूर तुटणारच. चौथं बोट उंच उचलायला लावू नका, तिसरं खाली असताना ते वर जात नाही हे बहुतेकांचं असतं. पट्टीवर टेकलेलं ठेवून हाताच्या वजनानं दाबू द्या. आणि हो, छोट्या पट्ट्यांनी फरक पडतो. क्लासमध्ये मोठ्या पट्ट्यांवर अंगठ्याला जास्त लांब जावं लागतं, घरचा अंदाज तिथं चुकतो.

विजापूररोड
तीन आणि चारचे तुकडे कळले. पण धपका? पांढरी एकच्या स्केलमध्ये एकही काळी पट्टी नाही, तरी अंगठा अडकतो.

काळीपाच
काळी नाही म्हणूनच अडकतो. पांढरी एकला सगळी बोटं एकाच पातळीवर असतात, हात बसका राहतो, खाली अंगठ्याला वाटच नसते. म्हणून शोपँ विद्यार्थ्यांना आधी पांढरी सातची मेजर स्केल द्यायचा आणि पांढरी एक शेवटी. माझंही मत तेच आहे, नवशिक्यानं सुरुवात पांढरी सातपासून करावी.

आज करून बघा. अंगठा पांढरी सातवर. दुसरं काळी एकवर, तिसरं काळी दोनवर. अंगठा पांढरी तीनवर. मग दुसरं, तिसरं, चौथं काळी तीन, चार, पाचवर आणि अंगठा वरच्या पांढरी सातवर. दोन काळ्यांच्या जोडीला दोन बोटं, तीन काळ्यांना तीन, आणि दोन्ही पांढऱ्यांना अंगठा. लक्षात ठेवायला काही उरतच नाही. हात काळ्यांवर उंच असल्यामुळे अंगठा त्याखालून मोकळा जातो.

आधी सुटे सूर वाजवू नका. काळी एक आणि दोन एकदम दाबा, मग अंगठ्यानं पांढरी तीन, मग तिन्ही काळ्या एकदम, मग अंगठ्यानं पांढरी सात. असं कीबोर्डच्या टोकापर्यंत जा. हात कुठं कुठं बसतो ते अंगात मुरलं की सूर सुटे करा. सुटे करताना अंगठ्यानं पांढरी सात सोडली की तो लगेच उजवीकडे निघाला पाहिजे. दुसरं बोट काळी एकवर असताना तो वाटेत, तिसरं काळी दोनवर असताना पांढरी तीनच्या वर पोचलेला. तुमचा धपका येतो तो उशिरा निघाल्यामुळे. शेवटच्या क्षणी अंगठा आत फेकावा लागतो, त्याला जागा द्यायला कोपर उडतं आणि हाताचं सगळं वजन त्या सुरावर येतं. अंगठा वेळेवर निघतोय का हे बघायला तिसऱ्या बोटावर थांबा. थांबलात तेव्हा अंगठा पुढच्या पट्टीवर टेकलेला नसेल तर तो उशिरा आहे.

सातरस्ता_कीज
लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, म्हणून थोडं वेगळं सांगतो. अंगठा खालून न्यायचा हे हळू लयीत ठीक. लय चढली की तो खालून जातच नाही, वेळ नसतो. तिसरं बोट सुटतं आणि अख्खा हात बाजूला सरकून अंगठा थेट पट्टीवर पडतो. मी वळण मोडून हे परत शिकलो. सुरुवातीलाच खालून न्यायची सवय लावली की ती पुढे मोडावी लागते. आणि पांढरी सात आधी? पाच शार्प असलेलं नोटेशन नवीन माणसानं वाचायचं कसं? पोरं वही बघून घाबरतात.

काळीपाच
वाचायला सांगतच नाही. बघून, हात ठेवून वाजवायचं. नोटेशन पांढरी एकचंच शिकवा, ती दोन कामं वेगळी आहेत. हात सरकवण्याबद्दल तुमचं खरं आहे, वेगात हात सरकतोच. पण ज्याला अंगठा कुठं पडायचा हे माहीत नाही त्याला सरकवायला लावलं की दोन तुकड्यांमध्ये भोक पडतं. पेडल न दाबता वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड करा, तिसऱ्या बोटानंतर आवाज क्षणभर नाहीसा होतो तो ऐका.

सातरस्ता_कीज
ते भोक मला हळू लयीतच ऐकू येतं, वेगात नाही. मी माझ्या मतावर आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना दोन्ही दाखवतो, पण सरकणं आधी.

पेटीमास्तर
भात्याचा मुद्दा पटला. पण अंगठा काळीवर कधीच नाही, हे मला नाही पटत. काळी तीनचे सा, ग, प वाजवा. तिन्ही काळ्या. तिथं अंगठा कुठं ठेवणार?

काळीपाच
काळीवरच. आर्पेजिओत तिन्ही सूर काळे असले की सगळा हात एकाच उंचीवर येतो, मग अंगठाही तिथंच, १-२-३-५. मास्तर, कधीच नाही असं मी म्हटलेलं नाही. स्केलमध्ये पांढरी जवळ असताना काळीवर नको, एवढंच.

विजापूररोड
कालपासून पांढरी सात वाजवतोय. जोड्या दाबून वर जाताना कोपर जागेवर राहतं. पण उतरताना गोंधळ होतो, अंगठ्यानंतर तिसरं की चौथं हे विसरायला होतं. पांढरी चारला डाव्या हाताचा क्रमही बदलायचा का? दोन्ही हातांनी एकदम वाजवायला कधी घ्यायचं?

काळीपाच
उतरताना अंगठ्यावरून जे बोट टाकायचं ते पुढच्या काळ्यांचा गट सांगतो. पांढरी सातवरून उतरताना समोर तीन काळ्या आहेत, म्हणून चौथं. पांढरी तीनवरून उतरताना दोन, म्हणून तिसरं. अंगठा पट्टीवर राहू दे आणि हात त्याच्यावरून न्या. अंगठा आधी उचलला की परत भोक.

डाव्या हाताला पांढरी चारला काही बदल नाही, पांढरी एकचाच ५-४-३-२-१-३-२-१. काळी पाचवर दुसरं बोट येतं, अंगठा पांढरी एकवर. म्हणजे त्या सुराला दोन्ही हातांचे अंगठे एकदमच पडतात. पांढरी सातलाही तसंच, डाव्याचा क्रम ४-३-२-१-४-३-२-१, अंगठे पांढरी तीन आणि पांढरी सातला जुळतात. पांढरी एकला मात्र मधे जुळत नाहीत. उजवा अंगठा पांढरी चारला, डावा पांढरी पाचला. म्हणून दोन्ही हात एकत्र घ्यायचेत तर आधी पांढरी सात, मग पांढरी चार.

सातरस्ता_कीज
हे अंगठे जुळण्याचं लक्षात आलं नव्हतं. उद्या वाजवून बघतो. नोटेशनबद्दल मात्र अजून तुमच्याशी सहमत नाही.