गणपतीतलं विडंबन: ‘साखरपळ चूर्ण’ दाखवावं की नको?

रंगमंच_सातारा:
आमच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी छोटी नाटुकली होते. या वर्षी चमत्कारी औषधांच्या जाहिरातींचं विडंबन करायचं ठरतंय, म्हणजे लोक हसतीलही आणि असल्या जाहिराती ओळखायलाही शिकतील. समितीत मात्र दोन तट पडलेत. संहिता अशी आहे:

(पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप.)
निवेदक: शुगर, बीपी, गुडघे, केस, सगळ्यांवर एकच उपाय! साखरपळ चूर्ण! शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य!
काकू: मी फक्त सात दिवस घेतलं. शुगर 240 वरून थेट 130!
निवेदक: डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. पहिल्या 50 जणांना एक डबा मोफत!
(सगळे नाचतात. पडदा.)

यातून लोक खरंच काही शिकतील का? की उलटंच होईल?

औषधवाले_काका:
बावीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं, म्हणून लिहितो. विडंबन जरूर करा, पण ही संहिता आहे तशी नको. एकाच डब्यात शुगर, गुडघे आणि केस म्हटलं की अगदी भोळा माणूसही हसतो आणि मनात म्हणतो, ‘असल्याला मी कशाला फसतोय!’ खरी जाहिरात इतकी वेडगळ नसते. ती नेमकं काकूंचं वाक्य उचलते: सात दिवस, 240, 130. आकडा ऐकला की माणूस विश्वास ठेवतो. तुमच्या संहितेत या वाक्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही, आणि शिकवायचं ते तिथेच आहे.

काकू खोटं बोलत नसतील, हे आधी लक्षात घ्या. आमच्या गिऱ्हाइकांमध्ये असं बरेचदा पाहिलंय. 240 हा आकडा जेवणानंतर दोन तासांचा असतो आणि 130 सकाळी उपाशीपोटीचा. एकाच माणसाला एकाच दिवशी हे दोन्ही आकडे येऊ शकतात, त्यासाठी चूर्ण लागत नाही. दुसरं म्हणजे डब्यासोबत एक छापील कागद येतो: भात बंद, गोड बंद, रोज पाऊण तास चालणं. ते पाळलं की शुगर उतरतेच, श्रेय मात्र डब्याला जातं. आणि तिसरं, डॉक्टरांची गोळी चालूच असते, ती कुणी मोजत नाही.

अजून एक शक्यता आहे, ती मात्र गंभीर. काही ‘नैसर्गिक’ पुड्यांत मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड अशी ॲलोपॅथीची औषधं गुपचूप मिसळलेली सापडली आहेत. मग गुण खराच येतो. पण माणूस आपली गोळीही घेत असेल तर दुहेरी डोस होतो. शुगर एकदम खाली येते, दरदरून घाम सुटतो, हात कापतात, वेळेवर काही गोड पोटात गेलं नाही तर शुद्ध हरपते.

वृंदा_नाशिक:
काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण माझा विरोध आहे. विडंबन करूच नका.

आमच्या कॉलनीत असंच नाटक झालं होतं. घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न: ‘त्या चूर्णाचं नाव काय म्हणाले गं?’ तिला विनोद कळला नव्हता, ‘शुगर उतरते’ एवढंच डोक्यात राहिलं. तेव्हा हसू आलं, आता येत नाही. कारण पुढच्या वर्षी माझ्या बाबांनी फोनवरून एक खरा डबा मागवला आणि इन्सुलिन बंद केलं. कुणाला सांगितलंही नाही. पायाच्या बोटाची जखम भरेना तेव्हा कळलं. बोट गेलं.

खोटं विधान परत परत कानावर पडलं की ते ओळखीचं वाटू लागतं, आणि ओळखीचं ते खरं वाटतं. विडंबनातही ते विधान तुम्ही पुन्हा म्हणताच ना? शिवाय 1954 पासून कायदा आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करताच येत नाही. तक्रार करा, जाहिरात बंद होईल. नाटक कशाला?

औषधवाले_काका:
वृंदाताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. परत परत ऐकून खरं वाटतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणतो की खोटं वाक्य एकदाच यावं आणि लगेच मोडलं जावं.

कायद्याचं मात्र अर्धंच बरोबर आहे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा खराच आहे, त्याच्या अनुसूचीत 54 आजार आहेत आणि मधुमेह त्यात आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, जरूर करावी. पण विकणारे शब्द बदलतात. ‘बरा करतो’ ऐवजी ‘नियंत्रणात मदत’, ‘औषध’ ऐवजी ‘आहारपूरक’. डबा उलटा करून बघा. नुसता चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ते अन्न म्हणून विकलं जातंय. पुष्कळदा खाली बारीक अक्षरात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असंही असतं. पुढच्या बाजूला शुगरमापकाचं चित्र आणि मागच्या बाजूला हे वाक्य! नाटकात डबा फक्त उलटा करून दाखवला तरी प्रेक्षक घरी जाऊन स्वतःचा डबा उलटा करतील.

वैद्य_होणारी:
मी आयुर्वेदाच्या चौथ्या वर्षाला आहे. मला त्रास ‘चूर्ण’ या शब्दाचा होतोय. प्रत्येक विडंबनात फसवणारा माणूस चूर्णच का विकतो? आमच्याकडे रुग्णाची प्रकृती, अग्नी, आहार बघून औषध ठरतं. सगळ्यांना एकच डबा, हे आमच्या शास्त्राच्याच विरुद्ध आहे. तुमच्या नाटकानंतर लोक माझ्या सरांच्या दवाखान्यात येऊन हसणार. परदेशी पावडर, ‘डिटॉक्स’चे थेंब, मनगटात घालायचा चुंबकाचा पट्टा, यांना कुणी का नाही धरत?

रंगमंच_सातारा:
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. चूर्णाच्या जागी ‘साखरपळ थेंब’ केलं तर? पांढरा कोटही काढतो. कुठल्याच शास्त्राची टिंगल करायची नाहीये.

वैद्य_होणारी:
थेंब चालेल. कोट मात्र ठेवा. कोट घालून कुणीही डॉक्टर होतो, हे दाखवायलाच हवं.

गुडघेदुखी_पुणे:
चर्चा छान चाललीये. मला एक सांगा, गुडघ्यासाठी यातलं कुठलं घ्यावं? टीव्हीवरच्या तेलाने मला पंधरा दिवसांत खरंच आराम पडला होता. दोन महिन्यांनी पुन्हा दुखायला लागलं. दुसरी बाटली मागवू का? हल्ली एका माणसाकडच्या पुड्या घेतोय, त्याने तर दोन दिवसांत फरक.

औषधवाले_काका:
दादा, इथे कुणी काही विकत नाहीये, पण तुमचं उदाहरण फार महत्त्वाचं आहे. गुडघा कधी जास्त दुखतो, कधी कमी. तेल आपण कधी मागवतो? दुखणं शिगेला पोचतं तेव्हा. शिगेला पोचलेलं दुखणं बहुधा पुढच्या पंधरा दिवसांत आपणच थोडं उतरतं. त्याच काळात बाटली हातात असते, म्हणून गुण बाटलीचा वाटतो. चोळण्यानेही जरा बरं वाटतं, ते वेगळं. तेलावर पैसे गेले, एवढंच.

पुड्यांचं मात्र मनावर घ्या. दोन दिवसांत दुखणं पार गेलं तर त्यात स्टेरॉइड असू शकतं. तोंडावर सूज, चेहरा गोल होणं, शुगर किंवा बीपी वाढणं, असं काही जाणवतंय का? बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, अंगावर येऊ शकतं. पुडी खिशात घालून उद्याच डॉक्टरांकडे जा आणि त्यांना ती दाखवा.

गुडघेदुखी_पुणे:
चेहऱ्याचं बायको म्हणत होती. मला वाटलं वजन वाढलं. जातो.

औषधवाले_काका:
रंगमंचवाल्यांसाठी एक जुनी गोष्ट. अमेरिकेत 2004 साली तिथल्या संघीय व्यापार आयोगाने स्वतःच एक खोटी जाहिरात बनवली होती. ‘फॅटफो’ नावाचं वांग्याच्या अर्काचं औषध, झपाट्याने वजन उतरवणारं. संकेतस्थळ अगदी खऱ्यासारखं. माणूस मागवायला गेला की समोर इशारा यायचा: अशा जाहिरातीला तुम्ही फसू शकला असता. मला यातली वेळ आवडते. माणूस पैसे काढायच्या तयारीत असतो, नेमकं तेव्हाच त्याला थांबवलंय. तुमच्याकडे शेवटी सगळे नाचतात, म्हणजे प्रेक्षक थांबतच नाही.

माझी सूचना अशी. काकू आकडा सांगतात आणि त्यांची नात मंचावर येते.

नात: आजी, 240 कधी मोजली होती?
काकू: त्या दिवशी, पुरणपोळीचं जेवण झाल्यावर.
नात: आणि 130?
काकू: सकाळी, चहासुद्धा घ्यायच्या आधी.
नात: डॉक्टरांची गोळी?
काकू: ती चालूच होती की!
नात: भात?
काकू: बंद. त्यांच्याच कागदावर लिहिलं होतं.
नात: आणि तीन महिन्यांची शुगर केलीस का?
(निवेदक डबा पाठीमागे लपवतो.)

शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलाय. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, सात दिवसांत ती फारशी हलत नाही. म्हणून सात दिवसांची जाहिरात करणारे तिचा आकडा सहसा दाखवत नाहीत.

वृंदा_नाशिक:
ही नात आवडली. आईलाही हे कळलं असतं, पुरणपोळी आणि चहा तिच्या रोजच्यातले आहेत. पण एक अट घाला: ‘गोळी स्वतःहून बंद करायची नाही’ हे नातीच्या तोंडी स्पष्ट यावं. माझ्या बाबांना तेवढं एक वाक्य कुणी वेळेवर म्हणायला हवं होतं.

आणि नाटकाचं चित्रीकरण व्हॉट्सॲपवर टाकू नका. पहिली वीस सेकंदं कापून कुणीतरी पुढे पाठवणार, त्यात नात नसेल.

रंगमंच_सातारा:
वाक्य घातलं, नातीचं शेवटचं वाक्य तेच. चित्रीकरणावर समितीत पुन्हा वाद आहे. पोरं म्हणतात, मांडवात दोनशे जण येतात, फोनवर दोन हजार बघतील.

औषधवाले_काका:
टाकायचंच असेल तर पहिल्या सेकंदापासून काकूंच्या मागे मोठ्या अक्षरांत ‘खोटी जाहिरात’ असा फलक ठेवा, कुठूनही कापलं तरी तो दिसेल.

वृंदा_नाशिक:
आईला चष्म्याशिवाय तो फलक वाचता येत नाही, काका. आणि फोन ती चष्मा न लावताच बघते. मी अजून नाहीच म्हणेन.