अनुभव धागा : झेरॉक्सवरचा डाग की अनुस्वार?

धागा काढणारी (दिवाणी दाव्यांचे टंकलेखन, छत्रपती संभाजीनगर)

दाव्यासोबत जोडलेली जुनी कागदपत्रे वाचण्याजोगी नसली, की त्यांची टंकलिखित प्रत मागितली जाते आणि ते काम माझ्याकडे येते. समोर असते ती बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स, कधी फॅक्सने आलेल्या कागदाची झेरॉक्स. अक्षरे लागतात, अडते ते ठिपक्यांपाशी. वाटणीपत्रात ‘त्याचा हिस्सा’ आहे की ‘त्यांचा हिस्सा’, हे ‘त्या’च्या डोक्यावरचा ठिपका शाईचा की धुळीचा यावर ठरते आणि त्यावरून एका भावाचा हक्क की सर्वांचा, असा वाद उभा राहतो. असे पान उतरवताना आपण खरे चिन्ह आणि डाग कसे वेगळे करता, ते कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त टंकलेखक, सातारा

पान टंकयंत्रावरचे असेल तर अडचण येऊ नये. यंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, बहुतेक यंत्रांवर एका इंचात दहा किंवा बारा अक्षरे. पूर्णविराम किंवा स्वल्पविराम कितीही लहान असला तरी तो पूर्ण एक घर घेतो. म्हणून मी वरच्या स्वच्छ ओळीवरून पट्टीने घरे आखून घेतो आणि खालच्या ओळीत ठिपक्याला स्वतःचे घर आहे का ते पाहतो. दोन अक्षरे लागोपाठच्या घरांत बसली असतील आणि ठिपका त्यांच्या फटीत असेल, तर तो डागच होय. अनुस्वारालाही हीच कसोटी लावावी.

धागा काढणारी

इंग्रजी पानांसाठी ही कसोटी मी आजच वापरणार आहे. मात्र मराठी यंत्रावर अनुस्वाराची कळ दाबल्यावर गाडा पुढे सरकत नाही, त्यामुळे अनुस्वाराला वेगळे घर नसतेच आणि घरे मोजून त्याचा निकाल लागत नाही.

निवृत्त टंकलेखक, सातारा

आपले म्हणणे बरोबर आहे. माझ्या डोळ्यांपुढे इंग्रजी पत्रव्यवहार होता. अनुस्वारासाठी मग उंची पाहावी. एकाच यंत्राचा अनुस्वार शिरोरेषेपासून नेहमी सारख्याच अंतरावर उमटतो. त्याच पानावरचा निःसंशय अनुस्वार ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यावा आणि तो कागद शंकेच्या जागी ठेवून शिरोरेषा जुळवावी. ठिपका वर-खाली पडला तर तो यंत्राचा नाही.

झेरॉक्स यंत्रांची दुरुस्ती करणारा, कोल्हापूर

मी कागद वाचत नाही, यंत्र वाचतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. आधी डाग कुठून आला ते पाहा. ड्रमवर ओरखडा असेल तर ड्रमच्या प्रत्येक फेऱ्याला तोच ठिपका पुन्हा उमटतो. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा फेरा सुमारे ९४ मिलिमीटरचा, म्हणजे ए-फोर पानावर असा ठिपका उभ्या रेषेत साधारण तीनदा येतो. संशयित ठिपक्यापासून सरळ वर आणि सरळ खाली तेवढे अंतर मोजा. तिथे दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत तसाच ठिपका सापडला, तर ओळीतलाही यंत्राचाच. ड्रम लहान-मोठा असतो आणि मधल्या प्रतीत कागद लहान करून छापला असेल तर अंतरही आटते, म्हणून ९४ हा आकडा धरून बसू नका. सारखे अंतर शोधा.

वरून खालपर्यंत जाणारी काळी रेघ बहुधा फीडरखालच्या काचेच्या अरुंद पट्टीवरच्या कणामुळे येते. कागद त्या कणावरून सरकतो, म्हणून एवढासा कण पानभर रेघ ओढतो. मोठ्या काचेवर तोच कण नुसता ठिपका देतो. मराठीत ही रेघ फार घातक असते, कारण ती काना होऊन बसते : ‘दर’चा ‘दार’ होतो आणि ‘मेरे’ व ‘मोरे’ यांत फरक उरत नाही. रेघ ओळीपुरती थांबते की फिकट का होईना ओळींमधल्या कोऱ्या पट्ट्यात चालू राहते, ते भिंगाने पाहा. खरा काना शिरोरेषेच्या वर जात नाही.

आणखी एक. शेवटच्या प्रतीतली रेघ कागदाच्या कडेला समांतर असते. रेघ तिरकी असेल आणि मजकूरही तेवढाच तिरका असेल, तर ती आधीच्या प्रतीतून आलेली आहे. मग पक्षकाराकडे त्या आधीची प्रत मागावी. आहे त्याच कागदाची नवी झेरॉक्स काढून काही हाती लागत नाही.

वाचक, नाशिक

माझ्या वडिलांच्या कंपनीचे जुने फॅक्स गुळगुळीत कागदावर आहेत आणि अक्षरे जवळजवळ उडाली आहेत. ती पुन्हा गडद कशी करावीत? लॅमिनेशन केले तर टिकतील का?

झेरॉक्स यंत्रांची दुरुस्ती करणारा, कोल्हापूर

लॅमिनेशन अजिबात करू नका. तो कागद उष्णतेने काळा पडणारा असतो. यंत्रातून बाहेर येईल तेव्हा सगळाच काळा असेल. आजच स्कॅन करून घ्या. धाग्याचा विषय मात्र वेगळा आहे.

माजी उपसंपादक, मुंबई

नव्वदच्या दशकात आमच्याकडे जिल्ह्यांतून हाताने लिहिलेल्या बातम्या फॅक्सने येत. तिथे डागापेक्षा गळालेल्या रेषांचा त्रास अधिक होता. साध्या प्रतीच्या फॅक्समध्ये उभ्या मिलिमीटरला चारपेक्षा किंचित कमीच रेषा असतात. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार म्हणजे जेमतेम दोन रेषा; फोनलाइनच्या खरखरीत त्यांतली एक गेली तर अनुस्वार अर्धा होतो आणि दोन्ही गेल्या तर त्याची खूणही उरत नाही. म्हणून असलेल्या ठिपक्यांइतकाच नसलेल्या ठिपक्यांवरही संशय घ्यावा. ओळखण्याची खूण अशी, की रेषा गळालेल्या ठिकाणी त्या ओळीतली सगळीच अक्षरे बुटकी दिसतात किंवा आडवी कापल्यासारखी सरकलेली असतात. अशा ओळीत अनुस्वार दिसला नाही, यावरून तो मुळात नव्हता असे म्हणता येत नाही.

वाचक, मडगाव

आमच्या घरच्या पोर्तुगीज दस्तांच्या झेरॉक्समध्ये हाच प्रश्न अक्षरांवरच्या खुणांचा आहे. त्या भाषेत आजोबा आणि आजी या शब्दांत फरक आहे तो केवळ ‘ओ’वरच्या खुणेचा. आजोबांची छपरासारखी आणि आजीची एकच तिरकी रेघ. छपराची एक बाजू पुसट झाली की मालमत्ता कोणाकडून आली तेच कळेनासे होते. मी अशा जागी आधीचे उपपद पाहतो, कारण त्यावरून पुल्लिंग-स्त्रीलिंग ठरते. उपपद नसलेल्या एका जागेचा उलगडा अजून झालेला नाही.

धागा काढणारी

एक ताजे उदाहरण मांडते. वाटणीच्या तक्त्यात तीन भावांची क्षेत्रे हेक्टरमध्ये होती : ०.५४, ०.२७ आणि तिसरे ‘०.४.०’ असे दोन ठिपक्यांचे. एकूण १.२१ स्पष्ट होते. बेरजेवरून तिसरे ०.४० निघते. जुन्या नोंदीत याच गटाचे क्षेत्र ३ एकर आहे आणि ३ एकर म्हणजे सुमारे १.२१ हेक्टर, म्हणजे एकूणही जुळते. कोल्हापूरच्या सूचनेप्रमाणे आज मोजले, तर चारनंतरच्या ठिपक्याच्या सरळ वर साडेनऊ सेंटिमीटरच्या आतच, कोऱ्या जागेत तसाच ठिपका आहे. तो यंत्राचा आहे याबद्दल मला आता शंका नाही. मी प्रतीत ‘०.४०’ लिहून खाली टीप द्यावी असे ठरवले आहे.

निवृत्त टंकलेखक, सातारा

येथे मी सहमत नाही. बेरजेवरून आकडा काय असावा ते कळते, कागदावर काय आहे ते नाही. मूळ लिहिणाऱ्याचीच चूक असू शकते. प्रतीत ‘०.४.०’ असेच लिहावे, चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालावे आणि बेरीज व मोजमाप टिपेत द्यावे. वाचता न येणाऱ्या जागी ‘अवाच्य’ लिहावे आणि मुळातली ओळ जिथे तुटते तिथेच आपलीही तोडावी, म्हणजे तपासणाऱ्याला दोन्ही पाने शेजारी ठेवता येतात.

धागा काढणारी

ओळी तोडण्याबद्दल पूर्ण सहमत आहे. परंतु ठिपका यंत्राचा आहे हे मोजून दाखवता येत असताना तो मजकुरात उतरवणे म्हणजे मुळात नसलेले चिन्ह दस्तात घालणे, असे मला वाटते. जिथे मोजमापाचा आधार नाही, केवळ बेरीज आहे, तिथे आपली पद्धत मी पाळीन. वकिलांनी दोन्ही प्रकारच्या टिपांसह प्रत मागितली आहे. इतरांकडे कोणती पद्धत स्वीकारली जाते, तेही लिहावे.