सल्ला हवा: बोर्डच्या स्क्रीनशॉटवरून स्प्रिंटचा सारांश कसा लिहू?

रानवारा
स्प्रिंट दहा दिवसांचा आहे, आज सातवा दिवस संपला. लीडने जिरा बोर्डचा स्क्रीनशॉट टाकलाय आणि त्यावरून मला मॅनेजरना चार ओळी लिहून द्यायच्यात. To Do मध्ये 3, 5 आणि एका कार्डावर नुसती रेघ. In Progress मध्ये 8, 5, 3. In Review मध्ये 5, 2. Done मध्ये 3, 2, 5, 3. म्हणजे 44 पैकी 13 पॉइंट झाले, 30 टक्के. एवढंच कळवू का?

चालढकल
जे चालू आहे त्याचे अर्धे पॉइंट धर. In Progress चे 16, म्हणजे 8 झालेच. आकडा जरा बरा दिसतो.

जुनाखोड
तो बराच दिसतो, खरा नसतो. 8 पॉइंटची स्टोरी अर्धी झाली हे कोण ठरवणार? कार्ड Done मध्ये जाईपर्यंत शून्यच धरायचं. चालू कामाचे पॉइंट मात्र वेगळे लिहावेत, ते दडवू नयेत.
रानवारा, कॉलमच्या माथ्यावर नावाशेजारी आकडा असेल, तो काय आहे? तो पॉइंटचा नसतो, कार्डांचा असतो.

रानवारा
DONE 6. कार्डं तर चारच दिसतायत!

जुनाखोड
मग दोन खाली स्क्रोलमध्ये राहिली. बाकीच्या कॉलमचेही आकडे ताडून बघ. वर एखादा फिल्टर लावलेला नाही ना, तेही बघ. फिल्टर असेल तर आकडे जुळूनही कार्डं गायब असू शकतात.

पाटीपेन्सिल
आम्ही कानबान वापरतो, पॉइंटच देत नाही. कार्डं मोजा की सरळ, 14 पैकी 6.

जुनाखोड
त्याने 43 टक्के येतील. पण इथे छोटी कार्डं आधी संपली आणि 8 चं अजून चालूच आहे, त्यामुळे कार्डं मोजली तर चित्र गोड दिसतं.

रानवारा
पूर्ण फोटो मागवला. राहिलेली दोन कार्डं 5 आणि 1 ची. फिल्टर नाही, बाकी कॉलम जुळतात. आता 50 पैकी 19, म्हणजे 38 टक्के. उरले 31, आणि ते रेघवालं?

जुनाखोड
त्याला शून्य धरू नकोस. ‘31 पॉइंट आणि एक अंदाज न दिलेलं काम बाकी’ असं लिही. 31 ची फोडही दे: रिव्ह्यूत 7, चालू 16, सुरूच न झालेलं 8. तीन दिवसांत काय होईल हे त्या फोडीवरूनच कळतं. सात दिवसांत 19, मग तीन दिवसांत 8, असलं त्रैराशिक मांडू नकोस. पॉइंट शेवटी एकदम पडतात.
स्प्रिंट सुरू झाल्यावर आत घुसवलेली कामं मात्र फोटोत ओळखू येत नाहीत. स्प्रिंट रिपोर्टमध्ये अशा कार्डांपुढे तारा असतो, तो लीडला बघायला सांग.

चालढकल
रिव्ह्यूतले 7 तरी ‘झाल्यात जमा’ म्हणू द्या.

जुनाखोड
तुमच्याकडे रिव्ह्यूनंतर टेस्टिंग कुठे होतं? बोर्डवर तो कॉलमच नाही.

रानवारा
तेच लीडला विचारलंय. उत्तर आलं नाही अजून.