जुनी पँट घेताना मापाची खात्री

«जुन्या कपड्यांवरच्या लेबलचा भरवसा नसतो, मग नेमकी हवी ती पँट मिळणार कशी?»

घरातली सर्वांत चांगली बसणारी पँट सपाट अंथरून कंबर, मांडी आणि आतल्या शिवणीची लांबी टेपने मोजावी, ती मापे फोनमध्ये लिहून ठेवावीत आणि बाजारात पँट तशीच अंथरून पडताळावी. माझ्याकडे फिके शर्ट पुष्कळ होते, पण त्यांवर चालेल अशी गडद राखाडी सुती पँट नव्हती, म्हणून परभणीत मी तेवढीच शोधत होतो. टेरिकॉटच्या पँटी स्वस्त मिळत होत्या, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या अंगावर ठेववत नाहीत. मिळालेली पँट कंबरेत इंचभर घट्ट होती, तरीही घेतली, कारण मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना एकेक इंच कापड दाबलेले होते आणि शिंप्याने त्यातले अर्धा-अर्धा इंच सोडून दिले. उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसते, पण तिचा वरचा भाग पट्ट्याखाली झाकला जातो.

मांडीत घट्ट असलेली पँट मात्र घेऊ नये, कारण तिथे सोडायला कापड क्वचितच असते. दोन्ही मांड्यांच्या आतला भाग उजेडासमोर धरून पाहावा. तिथून उजेड आरपार दिसला, तर कापड विरले आहे आणि रफू केले तरी ते शेजारून फाटते.