मदत हवी: भिंतीतल्या पाइपची गळती, टाइल्स न फोडता नेमकी जागा कशी शोधायची?

मृण्मयी_डोंबिवली: बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर जमिनीपासून दीड फुटावर ओल आलीये, रंगाचे पोपडे पडताहेत. पाइप सीपीव्हीसीचा, कन्सिल्ड. प्लंबर म्हणतो पूर्ण भिंत फोडावी लागेल. त्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत. भिंतीपलीकडे सासूबाईंचा पलंग आहे, त्यांना दम्याचा त्रास. काही मार्ग आहे का?

सदा_७२: दोन दिवस मेन व्हॉल्व्ह बंद ठेवा. ओल थांबली तर पाइपच गळतोय.

नळवाले_काका: सदाभाऊ, पाणी बंद म्हणजे आंघोळही बंद, मग फरशीतून किंवा नहाणी ट्रॅपमधून झिरपणंही थांबणारच. त्यामुळे बादल्या भरून ठेवा, व्हॉल्व्ह बंद करा आणि आंघोळ तिथेच करा. ओलीभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. पण भिंत सुकायला वेळ लागतो, दोन दिवसांत खात्रीचं कळत नाही.

मृण्मयीताई, आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. गीझर काढून ठेवायचा, नाहीतर त्याच्यावर ताण येतो. शॉवरचा डायव्हर्टरही काढून सगळ्या तोंडांना डमी लावायची. डायव्हर्टर राहिला तर गरम आणि थंड लाइन आतून जोडलेल्या राहू शकतात, मग कुठली गळते ते कळत नाही. एकेका लाइनला हातपंप लावून आधी हवा काढा, मग पाच किलो प्रेशर देऊन अर्धा तास काटा बघा. हवा राहिली तर काटा उगाच हलतो.

ठाणेकर_सुजाता: आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून छतावर ओल येते. सोसायटी लक्ष देत नाही. वॉटरप्रूफिंग कोणतं चांगलं?

सदा_७२: सुजाताताई, वेगळा धागा काढा ना.

मृण्मयी_डोंबिवली: काका, टेस्ट झाली. थंड लाइनचा काटा हलला नाही. गरम लाइन दहा मिनिटांत पाचवरून साडेतीनवर!

नळवाले_काका: गरम लाइन निघाली हे बरं झालं. आता गीझर जोडा आणि थर्मल कॅमेरा भाड्याने आणा. भिंत गार असताना गरम पाणी सोडा आणि पहिली पाच-दहा मिनिटं सतत बघत राहा. आधी पाइपची रेघ दिसेल, मग जिथे ती फुगल्यासारखी पसरेल तिथे टाइल काढा. उशिरा बघितलंत तर पाणी पसरलेलं दिसेल, भोक नाही. पाणी खाली उतरतं, म्हणून ओलीच्या वर शोधा.

मृण्मयी_डोंबिवली: सापडलं! डायव्हर्टरखालच्या पितळी चुडीच्या एल्बोला केसाएवढी चीर होती. एकच टाइल गेली. पुन्हा टेस्ट केली, काटा अर्धा तास पाचवर.

पण तीन आठवडे झाले, वरचा भाग सुकला, खालची कड मात्र पेन्सिलीच्या रेघेवरच आहे. ही जुनी ओल समजू की ट्रॅपही बघून घेऊ?